‘क्वालिटीवाले ऐकतच नाहीत’

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून मुलगा चाकण, सातपूर किंवा वाळूजच्या कारखान्यात प्लॅनिंग विभागात ट्रेनी म्हणून लागतो. महिन्याभरात घरी तक्रार येते, की क्वालिटीवाले ऐकतच नाहीत. त्यावर आईवडिलांचा सल्ला ठरलेला असतो: ‘तुझ्या साहेबांना सांग.’ पहिल्याच वेळी हा सल्ला पाळला तर पुढचं वर्षभर तो विभाग मुलाचं काम नियमावर बोट ठेवून करतो, म्हणजे सावकाश.

एक प्रसंग घेऊ. सकाळी साडेअकरा वाजलेत. असेंब्ली लाइनला तासाला शंभर पिना लागतात आणि लाइनवर साडेतीनशे उरल्या आहेत. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी धरली तर साडेतीनला लाइन थांबणार. दोन हजार पिनांचा नवा लॉट सकाळीच आलाय, स्टोअरने जीआरएनही केलंय, पण माल ‘होल्ड’च्या जागेत पडून आहे. इनकमिंग इन्स्पेक्टरने मापं आणि हार्डनेस तपासून ओके टॅग लावल्याशिवाय तो हलवता येत नाही. इन्स्पेक्टर ट्रेनीच्या हाताखालचा नाही. वयाने आणि अनुभवानेही मोठा आहे.

नवखी मुलं इथे ‘अर्जंट’ असा मेल टाकतात आणि प्रतीमध्ये दोन्हीकडचे मॅनेजर ठेवतात. इन्स्पेक्टरच्या दृष्टीने ही विनंती नसते, त्याच्याविरुद्ध केलेली नोंद असते. शिवाय त्याला रोज असे पाच ‘अर्जंट’ येतात. त्यातलं खरं कुठलं, हे त्याला वेळ आणि आकडा सांगितल्यावरच कळतं.

इन्स्पेक्टरकडे जाण्याआधी होल्डच्या जागेत जाऊन लॉट का अडकलाय ते बघावं. बऱ्याचदा कारण साधं असतं: सप्लायरने मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटच पाठवलेलं नसतं. ते मिळेपर्यंत इन्स्पेक्टर लॉटला हात लावणार नाही आणि ते मागवायला त्याला सवडही नाही. परचेसमार्फत सप्लायरला फोन करून कागद मागवणं ट्रेनीच्या हातात आहे. मग मेल न करता टेबलापाशी जावं आणि बोलावं:

‘सर, पिनांचा लॉट आलाय, दोन हजार नग. लाइनवर साडेतीनपर्यंतच पुरतील एवढ्या आहेत. सर्टिफिकेट नव्हतं, ते मागवून आणलंय. तीनच्या आत हा लॉट तपासायला घेता येईल का? त्यासाठी तुमचं कुठलं काम मागे पडेल?’

यात शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इन्स्पेक्टर म्हणेल, ‘दोन नंबर लाइनचा लॉट आधी लागलाय. तो सोडून तुमचा घेतला तर ते भांडायला येतील.’ आता खरी अडचण कळली. दोन लाइनींपैकी कुणाची निकड मोठी, हे ठरवणं इन्स्पेक्टरचं काम नाही, आणि ते त्याच्या गळ्यात मारलं की तो रांगेचा नियम दाखवणारच. म्हणून ट्रेनीने दोन नंबरच्या प्लॅनरकडे जावं. त्याच्याकडे दोन दिवसांचा साठा असेल तर तो बहुतेक वेळा हो म्हणतो. त्यानेच इन्स्पेक्टरला फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी चालेल, तर इन्स्पेक्टरवर पक्षपाताचा ठपका येत नाही.

दोन नंबरलाही आजच माल हवा असेल, तर निर्णय साहेबांनीच घ्यायचा. पण वर जाण्याआधी इन्स्पेक्टरला सांगावं: ‘सर, दोन्ही लाइनींना आजच हवंय. क्रम ठरवायला आमच्या साहेबांना विचारतो.’ तक्रार त्याच्याबद्दल नाही, हे त्याला आधी कळलेलं असावं.

एक मर्यादा मात्र पक्की. मागायचा तो त्याचा वेळ, त्याचा निकाल नाही. ‘सर, बघा ना, पास करून टाका’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की पुढच्या प्रत्येक विनंतीकडे तो संशयाने बघतो, आणि ते बरोबरच आहे. वाहन उद्योगातल्या आयएटीएफ १६९४९ या मानकानुसार, माल गुणवत्तेला उतरतो की नाही याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना उत्पादन थांबवण्याचाही अधिकार द्यावा लागतो. ट्रेनीची घाई त्या अधिकारापुढे चालत नाही.

म्हणून लॉट तपासायला गेला, की ट्रेनीने तिथे उभं राहू नये. लाइन सुपरवायझरला गाठून विचारावं, की पिना नापास झाल्या तर दुसरं कुठलं मॉडेल लावता येईल आणि टूलिंग बदलायला किती वेळ लागेल. समजा अडीच वाजता फोन आला, की हार्डनेस कमी भरतोय, लॉट रिजेक्ट. तरी हातात तासभर असतो आणि मॉडेल बदलायची तयारी झालेली असते. त्या फोनवर वाद न घालता ‘बरं झालं सर, वेळेत कळलं’ म्हणावं, आणि सप्लायरला पाठवायला रिजेक्शनचा रिपोर्ट कधी मिळेल तेवढं विचारून घ्यावं.