ऑटोमॅटनने पास केलेला ‘नागिरक’

भिवंडीतल्या यंत्रमाग कारखानदारांची एक जुनी यादी युनिकोडमध्ये आणायचे काम माझ्याकडे आले होते. जुन्या फाँटात पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप करतात. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवावी लागते. रूपांतरात हा क्रम काही ठिकाणी तसाच राहिला होता. बिघडलेले शब्द शोधण्यासाठी मी एक छोटा फायनाइट ऑटोमॅटन लिहिला. त्यात C म्हणजे व्यंजन, V स्वर, M मात्रा, H पायमोडीचे चिन्ह आणि D अनुस्वार किंवा विसर्ग.

```
0: C→1  V→3
1: C→1  V→3  H→2  M→3  D→4
2: C→1
3: C→1  V→3  D→4
4: C→1  V→3
```

सुरुवात 0 पासून होते. शब्द 1 ते 4 पैकी कुठेही संपला तरी चालतो. ‘अर्थात्’ सारखे शब्द 2 वर संपतात, त्यामुळे ती अवस्थाही स्वीकारावीच लागते.

‘भिवंडी’ 1, 3, 1, 4, 1, 3 अशी सरळ जाते. ‘िभवंडी’ पहिल्याच चिन्हाला अडते, कारण 0 वरून मात्रेला वाट नाही. ‘पािलका’ मध्ये काना आणि वेलांटी लागोपाठ येतात, तीही 3 वर अडते. प्रोग्राम वेलांटी हलवतो, पण जोडाक्षराच्या अर्ध्यावरच सोडतो, तेव्हा ‘सि्थती’ तयार होते. तिथे वेलांटीनंतर पायमोड येतो, म्हणून तीही पकडली जाते.

‘नागिरक’ मात्र सुटतो. ना, गि, र, क ही चारही अक्षरे शुद्ध आहेत. चुकला आहे तो शब्द. ही मर्यादा तक्त्यात आणखी अवस्था घालून जात नाही. म्हणून जुन्या फाँटातून रूपांतर करतानाच वेलांटी संपूर्ण जोडाक्षरापलीकडे हलवा, मग ऑटोमॅटन चालवा आणि पास झालेले शब्द शब्दसूचीशी ताडून पाहा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ‘अॅड.’ मधला ‘अॅ’ जुन्या मजकुरात अ आणि अर्धचंद्र असा दोन चिन्हांचा असतो. ऑटोमॅटनला तो स्वरानंतर आलेली मात्रा वाटतो आणि तो वकिलांची नावे नाकारतो. एकसंध ॲ (U+0972) युनिकोडमध्ये 2008 साली आला. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण या दोन रूपांना एक मानत नाही. ती बदली तपासणीआधी स्वतः करावी लागते.

ZWJ (U+200D) या न दिसणाऱ्या चिन्हालाही वरच्या तक्त्यात जागा नाही. ते आडवे येते म्हणून सरसकट पुसून टाकू नका. जुन्या टंकनात ‘दऱ्या’ मधला अर्धा र हा र, पायमोड आणि ZWJ असा असतो. ZWJ पुसले की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र होतो आणि ऑटोमॅटन त्यालाही पास करतो. त्या तिन्हींच्या जागी आधी ऱ (U+0931) आणि पायमोड घाला. मगच उरलेल्या ZWJ कडे वळा.