खिम्याची चरबी: निथळा, थिजवा, मग वजा करा

अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अकोट, परतवाडा या भागांतून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये येऊन स्थिरावलेल्या घरांनी नव्याने येणाऱ्यांसाठी सांगितलेल्या या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल जपायला सांगितलं आहे, किंवा रोजच्या जेवणातल्या चरबीची नोंद ठेवायची आहे, पण रविवारचा खिमा सोडायचा नाही, अशा सगळ्यांसाठी.

गावच्या खिम्यात हा प्रश्न का नव्हता

अंजनगावात खाटीक आपल्यासमोर बोकडाची रान निवडून लाकडी ओंडक्यावर सुऱ्याने खिमा करून देतो. बोकडाच्या मांसात मुळात चरबी कमी, निवडक मांसात शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम. त्यामुळे गंजात वर येणारी तर्री ही आपण घातलेल्या तेलाची असते. चरबी निथळून टाकायची असते, हे आपल्या घरांत कुणी शिकवलं नाही, कारण तशी वेळच आली नाही.

इथे दुकानात मिळतो तो बहुतेक मेंढीच्या कोकराचा, म्हणजे लॅम्बचा खिमा. त्यात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा चरबी असते. गावच्या पद्धतीने कांदा, मसाला, तेल घालून तोच शिजवला, की वर बोटभर थर तरंगतो. त्याला आपण तर्री समजतो. प्रत्यक्षात ती मेंढीची चरबी असते आणि ताट गार झालं की टाळूला चिकटते.

मसाल्याच्या आधी निथळा

तिखटाचा रंग आणि झणका, खसखस-खोबऱ्याचा वास, हे सगळं चरबीत विरघळतं. मसाला परतल्यावर चरबी काढली तर तिच्याबरोबर चवही जाते. एका काकूंनी पहिल्यांदा तसं केलं, तेव्हा फोनवर आई कळवळली, "अवं, तर्री फेकून देली काय?" तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून चरबी काढायची ती कोऱ्या खिम्याची.

जाड बुडाच्या पॅनमध्ये तेल न घालता खिमा मध्यम आचेवर टाका आणि उलथण्याने गुठळ्या मोडत राहा. आठ-दहा मिनिटांत गुलाबी रंग जातो आणि कडेला पातळ रस साचतो. स्टीलच्या भांड्यावर तारेची चाळणी ठेवून खिमा तिच्यात ओता, चमच्याने हलका दाबा आणि दोन-तीन मिनिटं निथळू द्या. भांडं प्लॅस्टिकचं नको, चरबी फार तापलेली असते. खिमा परत पॅनमध्ये घेऊन मोजलेल्या तेलात नेहमीसारखा मसाला करा. वरून सांबार, सोबत ज्वारीची भाकर. चवीत फरक कळत नाही.

थिजलेली चकतीच मोजायची

निथळलेला रस म्हणजे नुसती चरबी नव्हे. त्यात मांसाचं पाणीही असतं. ते भांडं थोडं निवू द्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार तासांनी पाहाल तर वर पांढरी, मेणासारखी चकती धरलेली असते. चमचा कडेने फिरवला की ती अख्खी उचलली जाते आणि खाली तपकिरी, थलथलीत रस उरतो. चकतीचं वजन करा. खालचा रस दुसऱ्या दिवशीच्या रश्श्यात घाला, त्यात मांसाची चव आहे.

टर्कीचा खिमा असेल तर चरबी मऊच राहते आणि चकती नीट धरत नाही. भांडं थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून मग वरचा थर काढावा.

एका पाकिटाचा हिशोब

न्यू जर्सीतल्या एका घराने वहीत लिहून ठेवलेलं हे उदाहरण. लॅम्बच्या खिम्याचं पाकीट 454 ग्रॅमचं. लेबलवर 112 ग्रॅमच्या एका वाढणीत 23 ग्रॅम चरबी आणि पाकिटात चार वाढण्या. म्हणजे कच्च्या खिम्यात 92 ग्रॅम चरबी. फ्रिजमधून निघालेली चकती भरली 38 ग्रॅम. 92 मधून 38 गेले, खिम्यात राहिले 54.

इथे थांबू नका. फोडणीला एक टेबलस्पून तेल गेलं, ते 14 ग्रॅम. आपल्या वऱ्हाडी मसाल्यात सुकं खोबरं असतं आणि त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग तेलच असतो. 20 ग्रॅम खोबऱ्याचे 13 धरा. एकूण 81 ग्रॅम. चार जणांत प्रत्येकी साधारण 20. निथळलं नसतं तर तोच आकडा 30 च्या घरात गेला असता. चरबीच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 38 ग्रॅमच्या चकतीबरोबर गंजातून 342 कॅलरी बाहेर गेल्या.

हा हिशोब तोळामाशाचा नाही. थोडी चरबी पॅनला आणि चाळणीला चिकटते, चकतीच्या खाली थोडा रस लागून येतो. चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे होणारच. रोजच्या नोंदीला तेवढं चालतं.

तीन ठिकाणी चूक होते

पहिली चूक वजनाची. याच घरात शिजलेला, निथळलेला खिमा 318 ग्रॅम भरला, म्हणजे 136 ग्रॅम घट. ती सगळी घट चरबीची समजली, तर मुळात 92 ग्रॅमच असलेल्या मांसातून 136 ग्रॅम चरबी निघाली असं होईल. घटीचा मोठा भाग पाण्याचा असतो. म्हणून खिम्याची घट धरायची नाही, थिजलेली चकतीच वजा करायची.

दुसरी चूक दोनदा वजा करण्याची. मोबाइलवरच्या आहार-नोंदीत कच्च्या खिम्याची आणि शिजवून निथळलेल्या खिम्याची नोंद वेगवेगळी असते. निथळलेल्याची निवडलीत तर चकती पुन्हा वजा करू नका, आणि शिजल्यानंतरचंच वजन घाला. इंग्लंडमधल्या लेबलवर आकडा शंभर ग्रॅममागे असतो, अमेरिकेत एका वाढणीमागे. तेही आधी पाहून घ्या.

तिसरी, लेबल नसलेल्या खिम्याची. हलाल दुकानातल्या बोकडाच्या खिम्यात वरून चरबी मिसळलेली असू शकते. मुळात किती होती हेच माहीत नसेल, तर काय राहिलं ते वजाबाकीने कळत नाही. अशा वेळी रान दाखवून घ्या, वरची चरबी काढायला सांगा आणि समोर दळून घ्या. गावी आपण हेच करत होतो.

आणखी कमी करायची असेल तर

बोस्टनच्या डोनाल्ड स्मॉल आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक रीत मांडली होती: खिमा वनस्पती तेलात तापवायचा, उकळत्या पाण्याने धुवायचा, त्या पाण्यातून चरबी वेगळी करायची आणि उरलेला रस मांसात परत घालायचा. आपल्या घरांत याचं सोपं रूप चालतं. चाळणीतल्या खिम्यावर दोन-तीन कप उकळतं पाणी ओता, पण ते खालच्या भांड्यात धरा. ते पाणी थिजवा, चकती काढा आणि तोच रस रश्श्याला वापरा. पाणी फेकलं तर चवीबरोबर पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वंही जातात.

चरबी सिंकमध्ये नको

गरम असताना ती पाण्यासारखी वाहते, पाइपमध्ये गार झाली की दगड होते. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात अशा चरबीचा आणि कचऱ्याचा अडीचशे मीटर लांब, सुमारे 130 टन वजनाचा गोळा सापडला होता. वजन झालं की चकती जुन्या डब्यात किंवा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका आणि आकडा तेव्हाच वहीत लिहा. पुढच्या रविवारी त्याच दुकानाचं, त्याच लेबलचं पाकीट आणलंत, तर चकती जवळपास तेवढीच भरेल. तीन-चार वेळा मोजून झालं की मग दरवेळी फ्रिजची वाट पाहावी लागत नाही.