केकवरची बारा अक्षरे



केकवर किती मजकूर मावेल हे शब्द मोजून कळत नाही. मराठीत त्यासाठी अक्षरे मोजावी लागतात. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे म्हणायला तीनच शब्द, पण वा-ढ-दि-व-सा-च्या ही सहा, हा-र्दि-क ही तीन आणि शु-भे-च्छा ही तीन, अशी अक्षरे मिळून बारा होतात. जोडाक्षर एकच धरायचे, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या नाहीत आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेला एक अक्षर द्यायचे. या हिशेबाने तेच वाक्य चौदा घरे खाते.

अर्ध्या किलोचा गोल केक साधारण 15 सेंटिमीटर रुंद असतो. कडेच्या क्रीमच्या झालरीला दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर गेले की 12 सेंटिमीटरचे वर्तुळ उरते. बारीक नोझलने किंवा बटर पेपरच्या कोनाने काढलेली रेघ दोन-तीन मिलिमीटर जाड येते, त्यामुळे अक्षर एक सेंटिमीटरपेक्षा लहान केले तर त्याचे पोट बुजते. ‘ब’चे पोट बुजले की तो ‘व’सारखा दिसतो आणि ‘बाबा’ वाचताना अडखळायला होते. एका अक्षराला अंतरासह सव्वा सेंटिमीटर रुंदी धरावी. उंची मात्र दोन सेंटिमीटर हवी, कारण देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळींत मराठी कोंबले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, तो याच चुकीमुळे.

म्हणजे अर्ध्या किलोवर तीनच ओळी बसतात. मधली ओळ नऊ अक्षरांची होऊ शकते. वरची आणि खालची मात्र वर्तुळाच्या गोलाईमुळे आठावरच थांबते. एकूण घरे पंचवीस, आणि त्यांतली चौदा ठरावीक शुभेच्छावाक्याने घेतली तर माणसासाठी अकरा राहतात. एक किलोच्या 20 सेंटिमीटरच्या केकवर चार ओळी आणि ओळीला सुमारे बारा घरे मिळतात. डझनभर शब्द खरोखर मावतात ते तिथे, तेही शब्द आखूड असतील तर. लहान केकवर पाच-सहा शब्दांपुढे जाऊ नये.

यावरून एक निर्णय आपोआप निघतो. केक समोर आहे, मेणबत्त्या लागल्या आहेत, घरचे सगळे गोळा झाले आहेत. वाढदिवस आहे हे केकने वेगळे सांगायची गरज राहत नाही. घरे कमी पडली की पहिले ‘वाढदिवसाच्या हार्दिक’ जावे. ‘खूप खूप’ त्याच्याही आधी जावे. राहावे ते हाक मारण्याचे नाव आणि त्या माणसाचीच अशी एक गोष्ट. नावही घरात जे तोंडी असेल तेच घ्यावे. घरात आजीला ‘बय’ म्हणत असतील तर केकवर ‘बय’च हवे, दोन अक्षरे अधिक लागणाऱ्या ‘आजीबाई’त ती आपुलकी येत नाही.

मजकूर कोणाकडून कोणाकडे जातो आहे हेही शब्द वाचवते. मोठ्याने लहानाला द्यायचा तो आशीर्वाद, लहानाने मोठ्याला करायचा तो नमस्कार, आणि बरोबरीच्यांत शुभेच्छा. पंचाहत्तरीच्या आजीला नातवाने ‘सुखी राहा, यशस्वी हो’ लिहिले तर चार शब्द खर्चूनही ते उलट्या दिशेचे वाटते. ‘वाकून नमस्कार’ एवढ्या दोन शब्दांत नाते, वय आणि आदर तिन्ही येतात. आजीला आणि आईला बहुतेक घरांत ‘तू’ म्हणतात, सासऱ्यांना आणि गुरुजींना ‘तुम्ही’. बाबांच्या बाबतीत घराघरांत फरक असतो, म्हणून केक करणाऱ्याने तो विचारून घ्यावा. ‘तू’च्या घरात केकवर ‘आपणांस’ आले तर ते सत्कारपत्रासारखे परके दिसते.

हे सगळे एका घरच्या मजकुरावर लावून पाहता येईल. कर्जतहून खोपोलीच्या लोकलने निघाले की पहिले स्टेशन पळसदरी. तिथल्या एका घरात आजीची पंचाहत्तरी आहे. नातवंडे तीन, आणि त्यांनी मिळून लिहिले ते असे:

प्रिय आजी, तुला पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या खूप खूप हार्दिक शुभेच्छा. आम्ही शाळेतून येताना तू रोज पळसदरीच्या फलाटावर छत्री घेऊन उभी असायचीस. तुला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो हीच देवाकडे प्रार्थना. तुझी नातवंडे.

शब्द एकतीस. यातले पहिले आणि तिसरे वाक्य जगातल्या कोणत्याही आजीला चालेल. मधले वाक्य मात्र दुसऱ्या कोणालाच चालणार नाही, म्हणून राखायचे ते तेच. निरोगी आयुष्याची इच्छा खरी आहे, पण ती नमस्कार करताना तोंडाने बोलता येते. ‘पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या’ या बारा अक्षरांचे काम ‘पंचाहत्तरीच्या’ या सहांत होते. एक किलोच्या केकसाठी मग असे उरते:

आजी, पंचाहत्तरीच्या
शुभेच्छा! पळसदरीच्या
फलाटावर छत्री घेऊन
रोज तूच असायचीस

शब्द दहा, आणि प्रत्येक ओळ बारा घरांत बसते. तरीही ही मांडणी चांगली नाही. दुसरी ओळ ‘शुभेच्छा’ आणि ‘पळसदरीच्या’ यांना एकत्र बांधते, त्यामुळे वाचणारा क्षणभर पळसदरीच्या शुभेच्छा असे वाचतो. ओळ तुटावी ती अर्थ थांबेल तिथे, घरे संपतील तिथे नव्हे. नमस्काराचा नियम लावून शुभेच्छा काढून टाकल्या की ओळी सरळ होतात: ‘आजी, पळसदरीच्या’ ही ओळ, मग ‘फलाटावर छत्री घेऊन’, मग ‘रोज तूच असायचीस’, आणि शेवटी सुटा ‘नमस्कार’. पंचाहत्तर हा आकडा मेणबत्तीवर असतोच.

घरात माणसे थोडी असली तर केक अर्ध्या किलोचाच सांगितला जातो, आणि मग हेही मावत नाही. इथे वाक्य कापत बसण्यापेक्षा त्यातली वस्तू उचलावी. या मजकुरातली वस्तू छत्री आहे.

आजी,
तुझ्या छत्रीखालची
तीन नातवंडे

पाच शब्द, पंधरा अक्षरे. क्रियापद नाही, शुभेच्छा नाहीत, पण फलाट, पाऊस, सांभाळ आणि खालची सही, सगळे त्यात आले आहे. मोकळ्या उरलेल्या घरांत काही भरू नये. वरच्या ओळीत ‘आजी’ एकटी असली तर दुरून पहिली नजर तिच्यावरच जाते.

मजकूर ठरल्यावर बिघडतो तो बहुधा वाटेत. फोनवर सांगितलेल्या शब्दांचे शुद्धलेखन ऐकणाऱ्याच्या हाती जाते, म्हणून मजकूर लिहूनच पाठवावा आणि ज्या ओळी जशा हव्या तशाच तोडून पाठवाव्यात. सूचना त्याच संदेशात घालू नये. ‘वर आजी लिहा, खाली तीन नातवंडे’ असे एकत्र पाठवल्यावर ‘वर’ आणि ‘खाली’सुद्धा केकवर उतरल्याचे प्रकार होतात. एका संदेशात फक्त मजकूर जावा, आणि रंग, वेळ, पत्ता दुसऱ्या संदेशात. लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल तर तो अक्षरे वाचत नाही, चित्रासारखी पाहून काढतो. अशा वेळी छापील अक्षरांपेक्षा कागदावर मोठ्या हाताने लिहून त्याचा फोटो दिलेला बरा. शब्दही सरळ निवडावेत. ‘हार्दिक’मध्ये एकाच अक्षरावर रफार आणि वेलांटी दोन्ही येतात, ‘शुभेच्छा’त ‘च्छ’ गुंततो, आणि ‘दीर्घायुष्य’चा पहिला ‘दी’ हमखास ऱ्हस्व होतो.

शिरोरेघेचा धोका वेगळाच आहे. बरेच जण आधी अक्षरे काढतात आणि शेवटी शब्दावरून एक सरळ रेघ ओढतात. ‘भ’ आणि ‘ध’ यांची शिरोरेघ डोक्यावर तुटलेली असते. ती सलग ओढली की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो, आणि केकवर ‘शुमेच्छा’ येतात. रेघ त्या अक्षरापाशी उचलून पुढे टेकवायला हवी. त्यासाठी केकच्या मापाची बटर पेपरची चकती कापून तिच्यावर एकदा पूर्ण मजकूर काढून पाहावा. ओळींच्या जागा मग टूथपिकच्या टोकाने क्रीमवर हलक्या खुणेने घ्याव्यात.

कर्जत-खालापूरचा पावसाळा हाही या कामातला एक भागीदार आहे. फ्रीजमधला गार केक दमट हवेत बाहेर आला की त्याच्यावर बारीक पाणी धरते, आणि रंगीत जेलने लिहिलेली अक्षरे पांढऱ्या क्रीमवर पसरू लागतात. लाल आणि निळा यांत सर्वांत वाईट. चॉकलेट गनाशची अक्षरे त्या मानाने टिकतात. लोकलने किंवा दुचाकीवरून केक न्यायचा असेल तर सुमारे दहा बाय पाच सेंटिमीटरच्या चॉकलेटच्या पट्टीवर मजकूर लिहून, ती वेगळ्या डबीत नेऊन, घरी पोचल्यावर केकवर ठेवणे सर्वांत सुरक्षित. गोलाई नसल्यामुळे पट्टीवर दोन ओळी सारख्या लांबीच्या मिळतात. शिवाय नावावरून सुरी फिरवणे ज्यांना आवडत नाही अशी वडीलधारी माणसे बऱ्याच घरांत असतात. औक्षण झाल्यावर पट्टी उचलून बाजूला ठेवली की तो प्रश्नही मिटतो.

भेटवस्तूच्या चिठ्ठीचा हिशेब सोपा आहे, कारण पेनाचे अक्षर लहान. दहा बाय सहा सेंटिमीटरच्या चिठ्ठीवर दोरीच्या भोकाची बाजू सोडून सुमारे तेरा घरांच्या पाच ओळी बसतात. केक घोळक्यात मोठ्याने वाचला जातो आणि थोड्याच वेळात कापला जातो. चिठ्ठी माणूस एकटा वाचतो आणि कपाटात ठेवतो. म्हणून दोन्हींवर एकच मजकूर लिहू नये. केकवर छत्री आली असेल तर फलाट चिठ्ठीवर जावा:

पळसदरीच्या फलाटावर
छत्री घेऊन रोज
उभी असायचीस.
पंचाहत्तरीचा
वाकून नमस्कार

दहा शब्द. गुळगुळीत कागदावर जेल पेनाची शाई बोट लागताच पुसते, पावसात तर नक्कीच, बॉलपेन चालते. तिन्ही नातवंडांची नावे आणि तारीख मागच्या कोऱ्या बाजूला, वर्षासह.

— मामा