अंगठा देण्याआधी

डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसाला बँकेत हटकून एक सल्ला मिळतो: ‘सहीचा त्रास कशाला घेता, अंगठा द्या, तुम्हालाच सोपं पडेल.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या एका अंगठ्याने काय काय हातातून जाते ते मी भोगले आहे, म्हणून हे लिहिते आहे. लिहिते म्हणजे सांगते. उतरवून घेते ती माझी भाची.

मी साताऱ्याच्या एका हायस्कुलातून निवृत्त झाले. काचबिंदूने उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड-सावली तेवढी कळते. त्यात खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी पहिल्या मजल्यावर राहते. घरात काठीने फिरते, जिना मात्र उतरवत नाही. पेन्शन बँकेत जमा होते आणि ती काढायला दुसऱ्यावर विसंबावे लागते.

त्याच सुमारास माझा एक चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून परत आला. ओळ दिसत नसल्यामुळे सही वर चढली होती, अक्षरे एकमेकांवर बसली होती. शाखेतून एक तरुण अधिकारी घरी आला, नमस्कार करून बसला आणि म्हणाला, “बाई, सही बदलून अंगठा करून टाकू. पुन्हा चेक परत यायचा प्रश्नच नाही.” त्याने फॉर्म भरला, अंगठा उठवून घेतला आणि गेला. पुढच्या महिन्यात भाची चेक घेऊन गेली, तर काउंटरवर उत्तर मिळाले की अंगठ्याच्या खात्याला चेकबुक मिळत नाही. एटीएम कार्डही बंद केले होते. पैसे हवे असतील तर खातेदाराने स्वतः शाखेत यायचे आणि अधिकाऱ्यासमोर अंगठा उठवायचा. म्हणजे जिना उतरता येत नाही म्हणून जी सोय केली, तिनेच मला जिना उतरायला लावले.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. बँकेच्या वहिवाटीत अंगठ्याचे खाते म्हणजे निरक्षर खातेदाराचे खाते, आणि त्या वर्गाला लागणारे निर्बंध आपोआप लागू होतात. दृष्टिहीन माणूस निरक्षर नसतो, हा फरक रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच स्पष्ट केला आहे. जून 2008 च्या तिच्या परिपत्रकात बँकांना सांगितले आहे की चेकबुक (त्यात दुसऱ्याच्या नावे चेक देणेही आले), एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड यांपैकी कोणतीही सेवा दृष्टिहीनांना भेदभाव न करता दिलीच पाहिजे. त्याशिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे तेरावे कलम आपले आर्थिक व्यवहार आपणच पाहण्याचा हक्क देते.

मी शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला. त्यात तीन गोष्टी लिहिल्या: मी साक्षर आहे आणि सही करू शकते, माझी नवी नमुना सही घरी येऊन घ्यावी, चेकबुक आणि कार्ड 2008 च्या परिपत्रकानुसार पूर्ववत करावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. शाखेने चालढकल केली, तेव्हा तीच प्रत बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवली आणि काम झाले. नवी सही मुद्दाम आखूड केली, फक्त आडनाव आणि एक आद्याक्षर. लांबलचक जुनी सही न बघता दर वेळी सारखी येत नाही, आखूड येते.

सही जागेवर पडावी म्हणून मी पुठ्ठा वापरते. चेकच्याच मापाचा, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद. उजव्या बाजूला सहीच्या जागी सहा सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापली आहे. पुठ्ठा चेकवर कडेला कडा लावून ठेवायचा, डाव्या हाताचे बोट खिडकीच्या खालच्या काठावर टेकवायचे आणि त्याच्यावर सही करायची. चेकच्या तळाशी जी पांढरी पट्टी असते ती यंत्राने वाचायची असते, तिच्यावर काही लिहायचे नाही. खिडकी तिच्या वरच राहील असे मोजून घ्यावे. चेकवर खाडाखोडही चालत नाही, चूक झाली तर नवा चेक. रक्कम आणि नाव दुसऱ्याकडून भरून घेतले, तरी सही सगळ्यात शेवटी, पूर्ण चेक वाचून घेतल्यावर. कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची नाही, अगदी पोटच्या पोरासाठीही नाही.

ज्यांना हात थरथरल्यामुळे किंवा पक्षाघातामुळे सही शक्यच नाही, त्यांना अंगठा घ्यावाच लागतो, आणि त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा, हाताचा शक्य नसेल तर पायाचा, दोन साक्षीदारांसमोर घेता येतो. साक्षीदार बँकेच्या ओळखीचे हवेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूणही चालते. पैसे कोण घेऊन जाणार हे खातेदाराने सांगायचे आणि त्या व्यक्तीची सही बँकेने घ्यायची. कित्येक शाखांत हे माहीतच नसते, तेव्हा आपणच सांगावे.

आता घरपोच सेवेकडे वळते. नोव्हेंबर 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की 70 वर्षांवरील ज्येष्ठांना, तसेच दृष्टिहीनांसह दिव्यांग व आजारी खातेदारांना रोख रक्कम आणि चेक घरून नेणे, खात्यातले पैसे घरी आणून देणे, डिमांड ड्राफ्ट पोहोचवणे, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरून घेणे या सोयी द्याव्यात. ही सूचना व्यापारी बँकांना आहे. सहकारी बँकेत खाते असेल तर तिथे काय मिळते ते आधी विचारून घ्या. आणखी एक अडचण अशी की काही बँका संयुक्त खात्याला ही सेवा देत नाहीत. ‘मुलाचं नाव खात्याला लावा’ असे कोणी सुचवले तर होकार देण्याआधी हे विचारा.

सरकारी बँकांनी या कामासाठी बाहेरचे एजंट नेमले आहेत. आपण नोंदणी केली की मोबाइलवर संदेश येतो. त्यात एक सेवा कोड असतो. एजंट दारात आला की त्याच्याकडचा कोड आणि आपला कोड जुळला पाहिजे. इथे आपल्यासारख्यांनी क्रम पाळावा: कोड त्याने वाचून दाखवायचा, आपण ऐकून पडताळायचा. आपण आधी बोलून बसलो की पडताळणी संपलीच. मी संदेश फोनकडून आधीच वाचून घेते (अँड्रॉइड फोनमध्ये TalkBack नावाची सोय असते, ती पडद्यावरचे वाचून दाखवते) आणि कोड पाठ करून बसते. नोंदणीचा नंबर शाखेतून घ्यावा, इंटरनेटवर शोधून मिळालेला नको. खोटे नंबर तिथेच पेरलेले असतात.

एजंट छोटे यंत्र आणतो. त्यावर कार्ड आणि पिन वापरून पैसे निघतात, किंवा आधारला जोडलेल्या बोटाच्या ठशाने. मोठ्या एटीएमच्या बटणांत पाचच्या आकड्यावर उंच ठिपका असतो, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. माझ्याकडे आलेल्या एजंटाच्या यंत्रावर बटणेच नव्हती, सपाट काच होती. तो सहज म्हणाला, “आजी, आकडे सांगा, मी दाबतो.” मी नकार दिला आणि बोटाच्या ठशाने पैसे मागितले. म्हातारपणी बोटे गुळगुळीत होतात, ठसा पटकन उमटत नाही, म्हणून हात आधी कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि अंगठा चालला नाही तर दुसरे बोट द्यावे. (खात्यावर अंगठा लावणे आणि हा ठसा यांचा काही संबंध नाही, सहीच्या खात्यालाही हा ठसा चालतो.)

खरा धोका पुढे आहे. ‘व्यवहार फेल झाला, पुन्हा बोट ठेवा,’ असे एजंट म्हणाला तर लगेच ठेवू नका. पहिला व्यवहार झालेला असू शकतो आणि दुसऱ्या बोटाला पैसे दोनदा जातात. त्याला बसवा, पाणी द्या, आणि बँकेच्या मिस्ड कॉल नंबरवरून शिल्लक ऐकून घ्या. शिल्लक तेवढीच असेल तर पुन्हा बोट. प्रामाणिक एजंट याला कधी नाही म्हणत नाही. यंत्रातून निघालेली पावती मात्र हातात पडलीच पाहिजे.

मग नोटा. मी सगळी रक्कम पाचशेच्या नोटांत मागते. पाचशे, दोनशे आणि शंभरच्या नव्या नोटा रुंदीला सारख्याच, 66 मिलिमीटर. लांबी अनुक्रमे 150, 146 आणि 142 मिलिमीटर. चार मिलिमीटरचा फरक नुसत्या बोटांना कळत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला या तीन मापांवर सुईने दोरा ओवून गाठी घेतल्या आहेत. नोट कडेला लावली की तिचे टोक कोणत्या गाठीशी येते ते समजते. नोटेच्या कडेला उठावाच्या रेघाही असतात, शंभरला चार, पाचशेला पाच, पण वापरून मऊ झालेल्या नोटेत त्या लागत नाहीत. फोनवर रिझर्व्ह बँकेचे MANI हे ॲप आहे; नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किंमत बोलते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. एजंट समोर असतानाच मोजावे. माझ्या बँकेत एका वेळी 10 हजारांपर्यंत रक्कम मिळते आणि फेरीमागे 75 रुपये अधिक जीएसटी पडतो, म्हणून महिन्याचा खर्च एकदाच मागवते.

हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनही घरी येतो, 70 रुपयांत. बोटाचा ठसा नाही उमटला तर चेहऱ्याने ओळख पटवायची सोय आहे, पण त्यात डोळे मिचकावायला सांगतात, आणि आमच्यासारख्यांचे घोडे तिथेच अडते. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात डोळे मिचकावण्याला पर्याय द्यावा असा निर्णय दिला आहे. तुमच्या बाबतीत यंत्र अडले तर वाट पाहू नका. कागदी दाखल्यासाठी अधिकाऱ्याला घरी पाठवा असा अर्ज शाखेला ऑक्टोबरातच द्या. नोव्हेंबरात शाखेत उभे राहायला जागा नसते.

यांपैकी कशालाही बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी देत नसतील तर तुम्हीच तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार cms.rbi.org.in वर करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. कशी करायची ते 14448 या क्रमांकावर विचारता येते. अर्ज कोणाकडूनही लिहून घ्या, सही तुमची असू द्या.