तीन मिनिटांत कावेरी

बेंगळुरातील आमच्या वसाहतीच्या काही उत्साही तरुणांनी शहराच्या पाण्याविषयी तीन मिनिटांची माहितीपर चित्रफीत करण्याचे योजिले आणि निवेदनाचा मसुदा तपासण्यासाठी मजकडे आणून दिला, तेव्हा केंपेगौडांच्या तळ्यांपासून २०२४च्या पाणीटंचाईपर्यंतचा सारा इतिहास त्यात दाटीवाटीने बसविलेला होता. तळ्यांचे चित्रणही उरकले होते. परंतु मसुदा मोठ्याने वाचू लागलो, तो तीन मिनिटे सरली तरी आम्ही तळ्यांच्या काठावरच!

अशा प्रसंगी वाक्ये छाटून निभाव लागत नाही, विषयच छाटावा लागतो. कावेरी खाली वाहते आणि बेंगळूर उंचावर वसले आहे, मग तिचे पाणी आपल्या नळाला येते कसे, एवढा एकच प्रश्न आम्ही ठेवला; ज्या मजकुराने त्याचे उत्तर पुढे सरकत नव्हते, तो कितीही मनोरंजक असला तरी खारीज केला.

आराखडा मग सहज झाला. पहिले २० सेकंद प्रश्नाला. पुढले ३० सुमारे १०० किलोमीटरचे अंतर आणि सुमारे ५०० मीटरची चढण दाखविण्यास. त्यानंतर तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी या तीन उपसा-ठाण्यांना प्रत्येकी ३०. आणि उरलेले ४० सेकंद, या चढणीसाठी लागणारी वीज खंडित झाली म्हणजे शहरात काय होते, हे सांगण्यास.

सावकाश मराठी निवेदन मिनिटाला सुमारे ११० शब्दांच्या गतीने चालते. नकाशा डोळ्यांत भरावा म्हणून अर्ध्या मिनिटाची शांतता राखली, तर संहितेला २७५ शब्दांहून अधिक मुभा नाही. तथापि तोरेकाडनहळ्ळी हा मोजणीत एकच शब्द असला तरी जिभेला तो तिघांचे काम देतो. म्हणून अखेरचा निवाडा घड्याळाचाच मानावा.

दृश्यसूचीसाठी साधा कागद पुरे. त्यावर वाक्य, दृश्य, सेकंद आणि ते दृश्य कोठून मिळणार, असे चार रकाने आखावेत. ‘इथून पाणी हारोहळ्ळीकडे चढते’ या वाक्यासमोर आम्ही लिहिले: डोंगराचा रेखाटलेला उभा छेद, त्यावरून वर सरकणारी निळी रेघ, ७ सेकंद, घरीच काढणे. पंपगृहाच्या अंतर्भागासाठी जलमंडळाची परवानगी हवी; ती लेखी हाती पडेपर्यंत तिच्यावर विसंबणारे एकही वाक्य संहितेत घेऊ नये. एका दृश्यास सरासरी ७ सेकंद धरल्यास सूची पंचविसांच्या आसपास थांबते. ती चाळिसांवर गेली, तर आराखड्यात काहीतरी चोरपावलांनी परत शिरले आहे असे समजावे.

छायाचित्रण आरंभण्यापूर्वी वाक्यांचा रकाना हाताने झाकून उरलेली सूची एखाद्या अनभिज्ञ गृहस्थास दाखवावी. पाणी वर चढते आहे, हे त्यास नुसत्या दृश्यांवरून उमगले पाहिजे. तळ्यांच्या चित्रणात नेमके हेच न्यून होते: ते देखणे होते, परंतु त्यात उंची कोठेच नव्हती. अगोदर टिपलेल्या साऱ्या दृश्यांपैकी उपयोगी पडले ते एकच, स्वयंपाकघरातल्या नळाचे.