तीन वर्षांत पैसे वसूल?

पोरा, शिरोलीच्या शेडमध्ये तू व्हीएमसी मशीन बसवायचं म्हणतोस. तुझा हिशेब मी पाहिला. मशीन ३० लाखांचं, वर्षाला १० लाख सुटणार, म्हणजे तीन वर्षांत पैसे वसूल. विकणारासुद्धा हेच सांगतो. पण यात तिसऱ्या वर्षीचे १० लाख आजच्या १० लाखांइतकेच धरलेत. साध्या पेबॅकची खरी खोट इथंच आहे. पैसा आज बाहेर जातो, परत येतो मात्र हप्त्याहप्त्यानं, आणि तोवर त्याच्यावर व्याज चढतच असतं.

म्हणून डिस्काउंटेड पेबॅक काढ. बँकेचा दर १२ टक्के धरू. मशीन घरच्या पैशानं घेतलंस तरी दर लाव, कारण तो पैसा दुसरीकडे काहीतरी कमावणारच होता. आता कॅल्क्युलेटर घे. १० लाखांना १.१२ ने भाग, ८.९३ येतात. त्या उत्तराला पुन्हा १.१२ ने भागलंस की ७.९७, आणखी एकदा भागलंस की ७.१२. तीन वर्षांची बेरीज २४.०२ लाख. अजून जवळपास सहा लाख बाकी! चौथ्या वर्षीचे ६.३६ लाख मिळवल्यावर कुठं वसुली होते, तीही वर्ष संपत आल्यावर. म्हणजे तीन वर्षं नाही, तीन वर्षं अकरा महिने.

एक चूक मात्र करू नकोस. वर्षाचे १० लाख काढताना त्यातून बँकेचं व्याज वजा करायचं नाही. १.१२ ने भागताना ते वजा झालेलंच असतं, नाहीतर व्याज दोनदा मोजलं जाईल. घसारासुद्धा खर्च म्हणून वजा करू नको. तो वहीत दिसतो, गल्ल्यातून जात नाही. आणि बिल फाडलं त्या दिवशी नाही, पार्टीचे पैसे खात्यात आले त्या वर्षी जमा धर.

हेच ३० लाखांचं मशीन वर्षाला साडेतीन लाखच सोडणार असेल तर? साधा हिशेब म्हणेल, साडेआठ वर्षांत सुटलो. पण ३० लाखांचं व्याजच वर्षाला ३ लाख ६० हजार होतं. तिथं वसुली कधीच होत नाही, मशीन शंभर वर्षं चाललं तरी.

या हिशेबालाही एक गोष्ट दिसत नाही: वसुलीनंतर मशीन किती वर्षं कमावणार. दोन मशीनांतून एक निवडायचं असेल तर आयुष्यभराची सगळी रक्कम अशीच भागून बेरीज कर आणि त्यातून मशीनची किंमत वजा कर.

तुझी अडचण मात्र ऑर्डरची आहे. ऑर्डर तीनच वर्षांची. पुढं काम मिळालं नाही तर तेव्हा मशीन निदान ८ लाख ४० हजारांना विकलं गेलं पाहिजे, तरच तुझे पैसे सुटतील. उद्यमनगरात जुन्या मशीनांचा व्यवहार करणाऱ्यांकडं तीन वर्षं वापरलेल्या व्हीएमसीचा भाव काय चाललाय, तो आधी विचारून ये.