लिखित व्याख्यानापासून मुद्द्यांच्या टिपणाकडे

सक्करदरा येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या आसपास व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना चर्चासत्रात बोलण्याचे प्रसंग वारंवार येतात. जो बोलण्यास घाबरतो, तो बहुधा संपूर्ण भाषण लिहून पाठ करतो. त्यातील एक शब्द निसटला की पुढचे वाक्यही निसटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसाव्या अध्यायात तंत्र सांगण्याचे वाक्यशः, वाक्यार्थशः आणि अर्थावयवशः असे तीन प्रकार दिले आहेत. संहिता जशीच्या तशी म्हणणे हा पहिला प्रकार. अर्थात शिरून श्रोत्याला समजेल असे सांगणे हा दुसरा. लिखित मजकुराचे टिपण करणे म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणे, असे आम्ही मानतो.

उदाहरणादाखल आमवातावरील दहा मिनिटांचे व्याख्यान घेऊ. त्यातील एक लिखित वाक्य असे: ‘सांध्यांना शूल व शोथ असल्याने घरची मंडळी प्रथम तेल चोळतात; परंतु आमावस्थेत स्निग्ध अभ्यंगाने शोथ वाढतो, म्हणून तेथे वालुकापोट्टलीने रूक्ष स्वेदन करावे.’

याचे टिपण करताना अनेक जण केवळ ‘स्वेदन’ असे लिहितात. ते शीर्षक झाले, संकेत नव्हे. व्यासपीठावर त्यावरून काहीच सुचत नाही. परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे प्रथम स्वतःला विचारावे. येथे प्रश्न आहे, ‘तेल का नको?’ मग टिपण असे होते:

– सुजलेले सांधे, घरी तेल
– पण आम!
– म्हणून वालुका, रूक्ष

‘पण’ आणि ‘म्हणून’ हे शब्द गाळू नयेत. आमच्या पाहण्यात वक्ता अडखळतो तो मुद्दा विसरल्याने नव्हे, तर एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा दुवा हरवल्याने. क्रियापदे व विशेषणे मात्र खुशाल सोडावीत, ती तोंडी आपोआप येतात.

काही गोष्टी पूर्ण लिहाव्या लागतात: पहिले वाक्य, शेवटचे वाक्य, श्लोक आणि औषधाची मात्रा. सिंहनाद गुग्गुळाची मात्रा व अनुपान स्मरणावर सोपवू नये. औषधालयचालक श्रोत्यांत असतील तर ते तोच आकडा टिपून घेतात.

टिपण पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांवर, एकाच बाजूस, ठळक अक्षरांत लिहून क्रमांक घालावेत. मग घड्याळ लावून तीनदा मोठ्याने बोलून पाहावे. तिन्ही वेळा वाक्ये थोडी वेगळी आली तर टिपण साधले. शब्दशः तीच आली तर पाठांतर अजून सुटलेले नाही. एकाच ठिकाणी दोनदा थांबावे लागले तर तेथील संकेत बदलावा. पूर्ण वाक्य परत लिहू नये.

मूळ लिखित प्रत व्यासपीठावर नेऊ नये. ती समोर असली की दृष्टी वाक्य शोधू लागते आणि हातातील कार्ड तसेच राहते.